देवनागरी आकड्यांची बेरीज

बचत गटाची वहीतली यादी संगणकावर चढवताना बहुतेक वेळा रकमाही मराठीतच टंकल्या जातात. कीबोर्ड मराठीवर असतो, नाव लिहून झाले की लगेच त्यापुढची रक्कम, आणि ती आपोआप देवनागरी अंकांत उमटते. यादी नीट दिसते. अडचण येते ती रकान्याच्या तळाशी एक्सेलचे `SUM` हे सूत्र लिहिल्यावर. वर रकमांची रांग आहे आणि खाली बेरीज `0` आली आहे.

बेरजेचे सूत्र येथे चुकलेले नसते. देवनागरी ५ आणि इंग्रजी 5 यांचे मोल माणसाला एकच वाटते, पण संगणकाच्या लेखी ती दोन निराळी अक्षरचिन्हे आहेत. प्रत्येक चिन्हाला युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत एक क्रमांक दिलेला असतो. इंग्रजी 0 ते 9 यांचे क्रमांक ४८ ते ५७ आहेत, तर देवनागरी ० ते ९ यांचे २४०६ ते २४१५. एक्सेल सेलमधला मजकूर वाचताना पहिल्या गटातली चिन्हे दिसली तरच त्याला संख्या मानते. ‘१,२५०’ हे त्याच्या दृष्टीने ‘सुनंदा’सारखेच अक्षरांचे बनलेले काहीतरी असते. `SUM` हे सूत्र मजकुराचे सेल न कुरकुरता वगळते, म्हणून उत्तर शून्य येते. दोन सेल `+` चिन्हाने जोडले तर मात्र `#VALUE!` अशी चूक दिसते, आणि ती दिसणे शून्य दिसण्यापेक्षा बरे, कारण निदान बिघाड कळतो.

हे ओळखण्याची सोपी खूणही आहे. सेलची मांडणी मुद्दाम बदललेली नसेल तर एक्सेल संख्या उजव्या कडेला टेकवते आणि मजकूर डाव्या. रकमेचा रकाना डावीकडे चिकटलेला दिसला की त्यातल्या रकमा संख्या नाहीत असे समजावे.

उपाय एकच: आधी प्रत्येक देवनागरी अंकाच्या जागी त्याचा इंग्रजी जोडीदार ठेवायचा, मग बेरीज करायची. हे काम वाटते त्यापेक्षा सरळ आहे, कारण दोन्ही पद्धतींत स्थानमूल्याची रीत तीच आहे. एकक उजवीकडे, त्याच्या डावीकडे दशक, मग शतक. त्यामुळे अंकांची जागा हलवावी लागत नाही, केवळ चिन्ह बदलावे लागते. मधे येणारा स्वल्पविराम तेवढा काढून टाकावा. १,२५,००० अशी लाख-हजारांची विभागणी प्रत्येक संगणकाच्या मांडणीत मान्य असेलच असे नाही.

एक्सेलमध्ये हे करायला `SUBSTITUTE` हे सूत्र वापरतात. ते दिलेल्या मजकुरात एका चिन्हाच्या जागी दुसरे घालते. दहा अंक आणि एक स्वल्पविराम म्हणून ते अकरा वेळा एकात एक गुंफावे लागते. सगळ्यात बाहेर `VALUE` असते. तयार झालेल्या इंग्रजी अंकांच्या मजकुराची तेच खरी संख्या करते. रक्कम `B2` या सेलमध्ये असेल तर शेजारच्या रिकाम्या रकान्यात हे लिहावे:

```
=VALUE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(
SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(
SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(
B2,"०","0"),"१","1"),"२","2"),"३","3"),
"४","4"),"५","5"),"६","6"),"७","7"),
"८","8"),"९","9"),",",""))
```

एकदा लिहिलेले सूत्र खाली ओढले की सगळ्या ओळींना लागू होते. मूळ रकाना तसाच राहू द्यावा; पुढे शंका आली तर ताडून पाहायला तोच उपयोगी पडतो.

समजा, यादीत चार रकमा आहेत: १,२५०, ९७५, २,४०८ आणि १,६००. सूत्रानंतर शेजारच्या रकान्यात 1250, 975, 2408 आणि 1600 येतात, आणि `SUM` त्यांची बेरीज 6233 देते. येथपर्यंत सगळे सुरळीत आहे.

आता चौथी रक्कम टंकताना शेवटच्या शून्याऐवजी ‘॰’ पडले असे धरू. हे शून्य नव्हे, ‘डॉ॰’ किंवा ‘रु॰’ लिहिताना वापरतात ते लाघवचिन्ह आहे. दिसायला ते लहानशा शून्यासारखे असते आणि युनिकोडमध्येही ९ च्या अगदी पुढच्या क्रमांकावर, २४१६ वर बसलेले आहे. पडद्यावर ‘१,६०॰’ वाचताना नजर सहज फसते. वरच्या सूत्रात ‘॰’ साठी काहीच तरतूद नसल्याने ते तसेच उरते, `VALUE` ला त्याची संख्या करता येत नाही आणि त्या ओळीत `#VALUE!` उमटते. खालची बेरीजही मग `#VALUE!` दाखवते. नेमकी कोणती ओळ बिघडली हे लगेच सापडते.

पुष्कळ जण सूत्राऐवजी ‘शोधा आणि बदला’ ही सोय दहा वेळा वापरतात. तेथे हीच चूक घातक ठरते. पहिल्या तीन रकमा संख्या होतात, चौथी ‘1,60॰’ अशी मजकूरच राहते, आणि `SUM` तिला गुपचूप गाळून 4633 हे उत्तर देते. हा आकडा शून्यासारखा खटकत नाही. तो पूर्णपणे खरा वाटतो, आणि हिशेबात 1600 रुपये कमी पडतात. म्हणून बेरजेवर विसंबण्याआधी रकान्यावर `COUNT` आणि `COUNTA` ही दोन सूत्रे चालवावीत. पहिले फक्त संख्या असलेले सेल मोजते, दुसरे भरलेले सगळे. या यादीत उत्तरे 3 आणि 4 येतील. दोन्ही उत्तरे सारखी आली तरच रकान्यातली प्रत्येक रक्कम बेरजेत धरली गेली असे मानता येते. अर्थात १ ऐवजी ९ टंकला असेल तर तो यात सापडणार नाही. त्यासाठी वही समोर घेऊन वाचण्याला पर्याय नाही.

सगळीच साधने एक्सेलसारखी वागत नाहीत. पायथन या संगणकभाषेत `int("१२५०")` लिहिले की थेट 1250 मिळते, कारण कोणते चिन्ह दशमान अंक आहे आणि त्याचे मूल्य किती याची युनिकोडमध्ये असलेली नोंद ती भाषा वापरते. जावास्क्रिप्टमध्ये `Number("१२५०")` मात्र `NaN`, म्हणजे ‘संख्या नाही’, असे उत्तर देते. त्यामुळे वेबपानावरच्या अर्जात मराठी अंक स्वीकारायचे असतील तर बदलाची पायरी बनवणाऱ्यालाच घालावी लागते. पायथनमध्येही एक खबरदारी लागतेच. `int` न वापरता `"१२" + "१३"` लिहिले तर २५ येत नाही, दोन मजकूर जोडले जाऊन ‘१२१३’ तयार होते.

बेरीज झाल्यावर उत्तर मराठी अंकांत हवे असेल तर ते पुन्हा टंकू नये, नाहीतर तो सेल परत मजकूर होतो. एक्सेलमध्ये सेलच्या संख्या-मांडणीत सानुकूल प्रकार निवडून तेथे हे लिहावे:

```
[$-4000439]0
```

सेलमध्ये 6233 हीच संख्या राहते, पडद्यावर आणि छापील कागदावर ती ६२३३ अशी दिसते. नवी यादी सुरू करताना रकमेच्या रकान्याला आधीच ही मांडणी देऊन आकडे इंग्रजीत टंकले, तर यादी मराठी दिसते आणि अंक बदलण्याची गरजच पडत नाही.