खुर्चीशिवाय बढती

आपल्याकडे ‘बढती मिळाली’ असे म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘हाताखाली माणसे किती?’ मोठेपणा म्हणजे हुकूम देणे, अशी आपली समजूत आहे. परंतु ज्याचे काम मुळात ज्ञानाचे किंवा कसबाचे आहे, त्याला वर चढण्यासाठी ते काम सोडून हजेरीपत्रक, रजेचे अर्ज आणि भांडणे यांतच बुडावे लागत असेल, तर संस्थेचे दुहेरी नुकसान होते. उत्तम कारागीर हातचा जातो आणि त्याच्या जागी बहुधा सामान्य अधिकारी मिळतो. यावर उपाय म्हणून काही संस्थांनी दोन शिड्या उभ्या केल्या. एक व्यवस्थापनाची आणि दुसरी तज्ज्ञांची.

आपल्या राज्यात याचे ठळक उदाहरण म्हणजे तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र. तेथील शास्त्रीय अधिकारी ‘सी’, ‘डी’, ‘ई’ अशा श्रेणींनी वर जातो, आणि त्यासाठी वरची जागा रिकामी होण्याची वाट पाहावी लागत नाही. विभागप्रमुख कोण हा प्रश्न वेगळा आणि शास्त्रज्ञाची श्रेणी कोणती हा वेगळा.

केंद्र सरकारच्या इतर अनेक वैज्ञानिक खात्यांत हेच तत्त्व १९८३ पासून ‘फ्लेक्झिबल कॉम्प्लिमेंटिंग’ योजनेने आले, आणि १९९८ मध्ये पाचव्या वेतन आयोगानंतर तिचे नियम सुधारले गेले. पुण्यात कार्यालय असलेल्या हवामान खात्यालाही ही योजना लागू आहे. तिची रीत एका उदाहरणाने पाहू.

समजा, एक तरुणी शास्त्रज्ञ ‘बी’ म्हणून लागली. तिला ‘सी’ होण्यास किमान ३ वर्षे, ‘डी’ला पुढे ४, ‘ई’ला ४, ‘एफ’ला ५ आणि ‘जी’ला आणखी ५ वर्षे लागतात. बेरीज २१. प्रत्येक पायरीवर आधी वार्षिक अहवालांचे गुण पाहून चाळणी होते, मग मुलाखत. मुलाखत मंडळात बाहेरचे तज्ज्ञही असतात. सातव्या वेतन आयोगानुसार ‘जी’ श्रेणीचा स्तर १४ वा आहे, म्हणजे थेट सहसचिवाच्या बरोबरीचा. या २१ वर्षांत तिला कार्यालयप्रमुख व्हावेच लागते असे नाही.

यातली खरी युक्ती पुढेच आहे. बढती होते तेव्हा तिचेच पद तिच्यापुरते वर उचलले जाते. ती निवृत्त झाली की पद पुन्हा मूळ पातळीवर येते. श्रेणी खुर्चीला नव्हे, माणसाला चिकटलेली असते. म्हणून एका कार्यालयात प्रमुख एकच असला तरी ‘जी’ श्रेणीचे शास्त्रज्ञ अनेक असू शकतात.

अर्थात ही शिडी निर्दोष नाही. बढती मंजूर झाल्याच्या तारखेपासून लागू होते, मागील तारखेपासून नव्हे. मंडळाची बैठक लांबली तर तेवढे महिने बुडाले. वार्षिक अहवाल लिहितो तो वरिष्ठच, त्यामुळे त्याची मर्जी पूर्णपणे सुटत नाही. आणि वर्षे भरली की सगळेच वर चढू लागले, तर गुणवत्तेची परीक्षा संपून केवळ वर्षांची मोजणी उरते. शिडी खरी आहे की देखाव्याची, हे ओळखायला तीन प्रश्न पुरतात. तिची वरची पायरी व्यवस्थापकाच्या पगाराइतकी उंच आहे काय? परीक्षेत कोणी कधी थांबवला जातो काय? आणि अवघड निर्णयाच्या वेळी त्या तज्ज्ञाचा शब्द विचारला जातो काय? तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ती नुसती जास्त पगाराची अडगळ होय.

हा प्रश्न शास्त्रज्ञांपुरता नाही. माझे वडील एका फाउंड्रीत मोल्डर आहेत. वाळू मुठीत दाबून तिच्यात पाणी किती हे ते सांगतात. पाणी जास्त झाले तर ओतलेल्या धातूत वाफेची भोके पडतात आणि कास्टिंग भंगारात जाते. त्यांना सुपरवायझर होण्याचे बोलावणे आले होते, ते त्यांनी नाकारले. साच्यापासून दूर जायचे नव्हते. परिणाम एवढाच झाला की त्यांचा पगार तिथेच राहिला, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरे सुपरवायझर होऊन त्यांच्यापेक्षा जास्त घेऊ लागली.

येथे सरकारी योजना जशीच्या तशी आणता येणार नाही. लहान कारखान्याला बाहेरचे मंडळ कोठून परवडणार? पण तत्त्व आणता येईल. मोल्डरच्या दोन-तीन श्रेणी ठरवाव्यात. वरच्या श्रेणीसाठी त्याच्या साच्यांतून वर्षभरात किती कास्टिंग नापास झाले हा आकडा पाहावा, कारण तो कारखान्याच्या वहीत असतोच. सर्वांत वरच्या श्रेणीचा पगार सुपरवायझरइतका ठेवावा, आणि नव्या साच्याचे काम सुरू करण्यापूर्वी त्याची सही लागेल असा नियम करावा. चौथी सोय मालकाला एक पैसाही न घालता होणारी आहे, ती म्हणजे नव्या मुलांना कोणी शिकवले याची त्याच वहीत नोंद.