गरिबाचा राजा, श्रीमंताची तिर्री

जपानमधल्या शाळा-कॉलेजांत ‘दाइफुगो’ नावाचा पत्त्यांचा खेळ घरोघरच्या नियमांनी खेळला जातो. हातातली पाने सर्वांत आधी संपवणारा दाइफुगो, म्हणजे महाश्रीमंत. त्याच्या मागून सुटणारा श्रीमंत, तिसरा गरीब आणि पाने हातात घेऊन शेवटी उरणारा दाइहिनमिन, महागरीब. खेळाडू चारपेक्षा जास्त असले तर मध्ये सामान्य जनता येते. इथपर्यंत हा आपल्या झब्बूच्याच कुळातला वाटेल. पण झब्बूत नवा डाव कोऱ्या पाटीवर सुरू होतो, इथे तसे नाही. पाने वाटून झाली की महागरिबाने आपली सर्वांत भारी दोन पाने महाश्रीमंताला द्यायची. बदल्यात महाश्रीमंत त्याला नको असलेली कोणतीही दोन पाने देतो. गरीब आणि श्रीमंत यांच्यात असाच एकेका पानाचा व्यवहार होतो.

पानांचा क्रमही वेगळा आहे. सर्वांत हलकी तिर्री, मग चढत चढत राजा, त्यावर एक्का आणि सर्वांच्या वर दुर्री. एका पानावर त्याहून भारी एक पान, जोडीवर भारी जोडी, तीनवर भारी तीन. कोणालाच टाकायचे नसेल तर ढीग बाजूला होतो आणि शेवटचे पान टाकणारा पुढची उतारी करतो.

अशा खेळात हलकी सुटी पाने ही खरी डोकेदुखी असते. उतारी हातात असल्याशिवाय ती जात नाहीत आणि उतारी मिळवायला भारी पाने लागतात. म्हणजे या अदलाबदलीत महाश्रीमंताला दुहेरी फायदा होतो: दोन चाव्या येतात आणि दोन अडगळी जातात. एकदा वर चढलेला माणूस मग डावामागून डाव तिथेच बसतो. यावर जपानी खेळाडूंनी काढलेला सर्वांत गाजलेला उतारा म्हणजे क्रांती. एकाच अंकाची चारही पाने कोणी एकदम उतरवली की क्रम उलटा होतो आणि तो डाव संपेपर्यंत (किंवा प्रतिक्रांती होईपर्यंत) तिर्री सर्वांत भारी, दुर्री सर्वांत हलकी.

आता एक डाव पाहू. जोकर काढून ठेवला आहे, चौघांना तेरा-तेरा पाने आली आहेत. महाश्रीमंताकडे तीन दुर्र्या, एक एक्का, चारची दोन पाने, तिर्री, सत्ती आणि इतर मधली पाने. महागरिबाकडून त्याला राजा आणि राणी मिळाली. हात आता इतका मजबूत झाला की द्यायचे काय, याचा त्याने फारसा विचार केला नाही. चारची हलकी जोडी देऊन मोकळा झाला.

चूक इथेच झाली. महागरिबाकडे चारची उरलेली दोन पाने आधीच होती. त्याच्याकडे एक अठ्ठीही होती, आणि बऱ्याच ठिकाणी अठ्ठी पडली की ढीग तिथेच कापला जातो व उतारी अठ्ठीवाल्याची होते. कोणीतरी सत्ती टाकली, महागरिबाने अठ्ठीने कापले आणि चारची चारही पाने खाली ठेवली. महाश्रीमंताच्या तीन दुर्र्या क्षणात कचरा झाल्या. महागरिबाची पाचची जोडी मात्र आता फक्त तिर्रीच्या जोडीला घाबरते.

हे टाळता आले असते, कारण खूण समोर होती. महागरिबाची सर्वांत भारी पाने फक्त राजा आणि राणी असतील, तर त्याच्या उरलेल्या अकरा पानांत एक्का नाही, दुर्री नाही. ती अकराही पाने राणी आणि तिच्या खालच्या दाटीत आहेत, आणि अशा हातात एकाच अंकाची पाने जमण्याची शक्यता वाढते. जाणता महाश्रीमंत अशा वेळी जोडी कधीच देत नाही. तिर्री आणि सत्ती अशी दोन वेगळी सुटी पाने देतो. मग चौकडी पुरी व्हायला त्या अंकाची तीन पाने महागरिबाकडे आधीच असावी लागतात. महाश्रीमंताच्याच हातात सातचे एकच पान असेल तर तेही शक्य आहे, पण क्वचित.

काही घरांत याहून कडक नियम आहे. महाश्रीमंताच्या आधी दुसरे कोणी सुटले, की महाश्रीमंत उरलेली पाने टाकून तत्काळ महागरीब होतो. त्याला जपानीत ‘मियाको-ओची’ म्हणतात, राजधानीतून हकालपट्टी. माझ्या मते हा नियम क्रांतीपेक्षा चांगला, कारण क्रांतीला पाने जुळावी लागतात आणि इथे फक्त कोणीतरी पुढे जावे लागते. शिवाय हरणारे तिघे आपोआप एका बाजूला येतात.

अमेरिकेत रिचर्ड गारफिल्ड यांनी याच कुळातला ‘द ग्रेट डलमुटी’ 1995 मध्ये ऐंशी पानांच्या वेगळ्या कॅटसह आणला. त्यात हुद्द्याप्रमाणे खुर्च्याही बदलतात आणि तळच्या माणसाला पाने पिसण्याची-वाटण्याची हमाली करावी लागते. टोकियोजवळच्या युनिव्हर्सिटी ऑफ इलेक्ट्रो-कम्युनिकेशन्समध्ये 2006 पासून हाच खेळ संगणक-प्रोग्रॅमांना खेळवण्याची स्पर्धा होते.

घरी खेळून पाहायचे तर पहिला डाव अदलाबदलीविना खेळा, कारण अजून कोणाला हुद्दाच नाही. आणि पाने वाटण्याआधी दोन गोष्टी ठरवा: अठ्ठी कापते का, आणि दुर्रीने शेवट करता येतो का. बऱ्याच ठिकाणी येत नाही. शेवटचे पान दुर्री टाकणारा थेट महागरीब होतो.