परत गेलेल्या मालाचा हिशोब

भोसरी एमआयडीसीतला पंप बनवणारा एखादा कारखाना घेऊ. त्याने ५०० कास्टिंग मागवली, दर नगाला २०० रुपये. १८ टक्के जीएसटी धरून बिल झालं १,१८,००० रुपयांचं. गेटवर माल उतरला, ईआरपीत जीआरएन झाला, बिलही चढलं. मग क्वालिटीवाल्यांना ४० नगांत ब्लोहोल सापडले.

ही ४० नगं सगळ्यात आधी चांगल्या स्टॉकमधून बाहेर काढून ‘रिजेक्शन स्टोअर’मध्ये टाकायची. प्रत्यक्षात कोपऱ्यात लाल टॅग लावून ठेवली आणि सिस्टीममध्ये मात्र मुख्य स्टोअरमध्येच राहिली, तर प्लॅनिंगला ५०० दिसतात. नवी ऑर्डर निघत नाही, आणि ४६१ वा पंप जोडायची वेळ येते तेव्हा लाइन थांबते.

माल पार्टीकडे परत पाठवताना मूळ जीआरएनवरूनच परतीची नोंद करायची. म्हणजे नगं २०० रुपये या खरेदीदरानेच स्टॉकमधून जातात. जीआरएनचा संदर्भ न देता नोंद केली, तर बऱ्याच सिस्टीम सरासरी दर लावतात. तो जुन्या मालामुळे २१० असेल, तर स्टॉकमधून ८,४०० रुपये कमी होतात, पार्टीकडून मात्र मिळणार ८,०००. वरचे ४०० रुपये कुठल्या तरी फरकाच्या खात्यात जाऊन बसतात.

मग अकाउंट्स डेबिट नोट काढतं: ८,००० अधिक १,४४० जीएसटी, एकूण ९,४४०. मूळ बिलाशी ती जोडली की देणं १,०८,५६० रुपये उरतं. बिल आधीच चुकतं झालं असेल, तर पार्टीच्या खात्यात ९,४४० रुपये आपलं येणं दिसतं. ते पुढच्या बिलातून वळतं करायचं, नाहीतर पार्टीकडून परत मागायचं.

इथे एक मेख आहे. आपली डेबिट नोट ही केवळ मागणी असते. जीएसटीत पुरवठादाराचा कर कमी होतो तो त्याच्या क्रेडिट नोटमुळे, आणि आपल्यालाही १,४४० रुपयांचं इनपुट क्रेडिट सोडावं लागतं. त्याला ती नोट आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत रिटर्नमध्ये दाखवावी लागते, हे मुदतीचं बंधन. म्हणून त्याच्यामागे वेळीच लागलेलं बरं.

गडबड बहुतेक वेळा दोनच प्रकारे होते. चलनावर माल गेला पण डेबिट नोट निघालीच नाही, तर पूर्ण बिलाचे पैसे जातात. उलट, अकाउंट्सने नुसती जर्नल एंट्री मारली, तर देणं कमी होतं, पण परत गेलेली ४० नगं कागदावर स्टॉकमध्येच राहतात. दर महिन्याला परतीच्या चलनांवरचे नग आणि डेबिट नोटांवरचे नग शेजारी मांडून पाहिले, तर दोन्ही चुका लगेच हाती लागतात.