पावतीची तारीख आणि सत्राचा तक्ता

कॉलेजच्या फी-पावत्या सत्रवार लावायचं काम गेल्या दहा-बारा वर्षांत कसं बदलत गेलं, याचा हा मागोवा.

सुरुवातीला सारा भरवसा महिन्यावर होता. जून ते ऑक्टोबर पहिलं सत्र, नोव्हेंबरपासून दुसरं, आणि सूत्रात एकात एक अडकवलेले `IF`. सुट्टीच्या तारखा दरवर्षी दिवाळीमागे सरकत, की सूत्र उसवून पुन्हा शिवायचं. मग कुणीतरी तारखा सूत्रातून काढून वेगळ्या तक्त्यात मांडल्या : सुरुवात, शेवट, सत्राचं नाव. खरी सुटका इथे झाली.

त्या तक्त्यावर `VLOOKUP` चाले, शेवटी `TRUE` लावून. तक्ता सुरुवातीच्या तारखेनुसार चढत्या क्रमाने असला, की ते पावतीच्या तारखेआधी किंवा त्याच दिवशी सुरू झालेली शेवटची ओळ उचलतं. पण शेवटची तारीख ते बघतच नाही. समजा, पहिलं सत्र 15-06-2022 ते 20-10-2022 आणि दुसरं 10-11-2022 पासून. 28 ऑक्टोबरची पावती, म्हणजे ऐन सुट्टीतली, बिनबोभाट पहिल्या सत्रात जाऊन बसते. चूक अशी की पडद्यावर कुठेच लाल दिसत नाही. बेरीज जुळेनाशी झाली की कळतं. उपाय म्हणजे शेवटही तपासायचा :

```
=IF(INT(A2)<=VLOOKUP(A2,$E$2:$G$9,2,TRUE),
 VLOOKUP(A2,$E$2:$G$9,3,TRUE),"सुट्टी")
```

यातलं `INT` नंतर आलं. ऑनलाइन फी सुरू झाली आणि तारखेला वेळ चिकटून येऊ लागली. एक्सेलच्या हिशेबी 20-10-2022 म्हणजे 44854, पण त्याच दिवशी दुपारी चारनंतरची पावती 44854.67. ती शेवटच्या तारखेपेक्षा मोठी, म्हणून थेट सुट्टीत! फक्त सत्राच्या अखेरच्या दिवसाच्याच पावत्या हरवत असतील, तर दोष बहुधा हाच.

मग 2020 आलं. वरच्या वर्गांचं सत्र ऑनलाइन सुरू झालं, पहिल्या वर्षाचे प्रवेश मात्र लांबले. एकाच तारखेला दोन वर्गांची सत्रं वेगळी. एरवी रिकामे दिवस आणि सत्रं यांची रांग सरळ असते. इथे ओळी एकमेकींवर चढल्या, आणि `VLOOKUP` सगळ्यांनाच नंतर सुरू झालेल्या सत्रात ढकलू लागलं. तक्त्याला वर्गाचा रकाना जोडावा लागला, आणि नव्या एक्सेलमध्ये `FILTER` मिळालं (पावतीचा वर्ग B मध्ये, तक्त्यातला D मध्ये) :

```
=FILTER($G$2:$G$9,($D$2:$D$9=B2)*
 ($E$2:$E$9<=A2)*($F$2:$F$9>=INT(A2)),"सुट्टी")
```

याला ओळींचा क्रम लागत नाही. आणि एका पावतीपुढे दोन सत्रं उमटली, किंवा खालचे कप्पे भरलेले असल्यामुळे `#SPILL!` आलं, तर पावतीकडे नव्हे, आधी तक्त्याकडे बघावं : कुणीतरी सत्र लांबवलं, पण पुढच्याची सुरुवात तशीच ठेवली.