एक डबा वाढतो तेव्हा

इंदापूर शहराला रेल्वे नाही. तालुक्याच्या उत्तर कडेने, भीमेच्या अंगाने, दौंड-सोलापूर मार्ग जातो आणि भिगवणला स्थानक आहे. पण मोजक्याच गाड्या तिथे थांबतात. लांब पल्ल्याची गाडी धरायची तर इंदापूरचा माणूस एक तर कुर्डुवाडी गाठतो किंवा दौंड. बारामतीला स्थानक आहे, तेही दौंडहून फुटलेल्या फाट्याचे शेवटचे टोक. त्यामुळे बारामतीकरालाही मोठ्या प्रवासासाठी बहुधा दौंडच गाठावे लागते. म्हणजे आम्ही दोन्ही तालुक्यांतले लोक गाडीत बसतो ते मधल्या स्थानकावर. गाडी तिथे तयार होत नाही, ती भरून येते आणि थोडाच वेळ थांबते. डबा फलाटावर नेमका कुठे येणार, हा प्रश्न मुंबईला किंवा सोलापूरला तासभर आधी गाडीत जाऊन बसणाऱ्या प्रवाशाला पडत नाही. आम्हाला तो दर वेळी पडतो.

गेली काही वर्षे मी या एका प्रश्नाचा पाठपुरावा करतो आहे. दौंडच्या फलाटावर उभे राहून डब्यांचा क्रम वहीत उतरवणे, रेल्वेची परिपत्रके वाचणे आणि शंटिंगचे काम पाहिलेल्या जुन्या माणसांशी बोलणे, एवढीच माझी साधने. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट नावाची. तिकिटावर ‘एस-४’ लिहिलेले असते. एस म्हणजे शयनयान, बी म्हणजे वातानुकूलित तीन-स्तरीय, ए म्हणजे दोन-स्तरीय, डी म्हणजे आरक्षित द्वितीय श्रेणीची बैठक. आपण असे धरून चालतो की एस-४ ही गाडीतली एक जागा आहे. प्रत्यक्षात ते डब्याचे नाव आहे. तिकीट तुम्हाला डब्याचे नाव आणि बर्थचा क्रमांक देते. तो डबा इंजिनापासून कितवा असेल, याविषयी ते काहीच सांगत नाही. नाव आणि जागा यांची ही फारकत ध्यानात घेतली की पुढचे सगळे सोपे होते.

आता डबा वाढतो कसा ते पाहू. दिवाळी, उन्हाळी सुटी, लग्नसराई अशा दिवसांत वाणिज्य विभाग प्रत्येक गाडीच्या प्रतीक्षायादीवर नजर ठेवतो. यादी फुगत चालली की जादा डब्याचा विचार होतो. ही वाढ दोन प्रकारची असते. कायम वाढ म्हणजे गाडीची रचनाच बदलणे. तात्पुरती वाढ म्हणजे अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत एक-दोन डबे जोडणे. तात्पुरत्या वाढीच्या बातमीत एक गोष्ट वाचकाला हमखास बुचकळ्यात टाकते. एकाच गाडीसाठी दोन टोकांच्या तारखा वेगळ्या दिलेल्या असतात.

याचे उत्तर सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये सापडते. ही गाडी रात्री मुंबईहून निघून सकाळी सोलापूरला पोहोचते आणि तशीच रात्री सोलापूरहून निघून सकाळी मुंबईला. एकाच रात्री दोन्ही दिशांनी गाडी धावते, म्हणजे रेक दोन हवेत. रेक म्हणजे इंजिन सोडून डब्यांची सलग जोडलेली माळ. आज मुंबईहून निघालेला रेक उद्या रात्री सोलापूरहून परततो. समजा, या गाडीला शयनयानाचा एक डबा वाढवायचा आहे. मुंबईत एका रेकला डबा जोडला, की त्या रात्री मुंबईहून सुटणारी गाडी वाढलेली असते. पण त्याच रात्री सोलापूरहून निघणाऱ्या गाडीला जुनाच रेक असतो. तिथून वाढलेली गाडी निघते ती दुसऱ्या रात्री. तारखांमधला एक दिवसाचा फरक इथून येतो. दुसरे असे, की ‘एक डबा’ रोज द्यायचा तर प्रत्यक्षात दोन डबे लागतात, दोन रेकना एकेक. याउलट हुतात्मा एक्सप्रेस सकाळी सोलापूरहून पुण्याला जाते आणि संध्याकाळी परतते. तिथे एका रेकवर काम भागते, म्हणून डबाही एकच पुरतो. जी गाडी दोन-दोन रात्री धावते तिला पाच-सहा रेक लागतात आणि तितकेच जादा डबे. गर्दी सारखीच असली तरी एका गाडीला डबा लगेच मिळतो आणि दुसरीला मिळत नाही, त्यामागे बऱ्याचदा हे साधे गणित असते.

मागणी आहे म्हणून हवे तितके डबे जोडता येतात असेही नाही. मोठी अडचण लांबीची. जुन्या आयसीएफ धाटणीचा डबा जोडणीसह सुमारे २२.३ मीटर भरतो, तर नव्या एलएचबी धाटणीचा सुमारे २४ मीटर. जुने २४ डबे म्हणजे अंदाजे ५३५ मीटर आणि नवे २२ डबे म्हणजे ५२८ मीटर. म्हणूनच पूर्वी २४ डब्यांच्या असलेल्या गाड्या नव्या डब्यांत आल्यावर २२ च्या झाल्या. फलाट आणि डबे तपासण्याची पिट लाइन यांची लांबी ठरलेली असते, तिच्यापुढे जाता येत नाही. शिवाय दोन्ही धाटणींच्या डब्यांची जोडणी वेगळी असल्याने शेजारच्या यार्डात जुना डबा रिकामा उभा असला तरी तो नव्या रेकला सहज लावता येत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. वाढवलेला डबा लावतात कुठे? क्रमाने पाहिले तर एस-७ नंतर एस-८ यायला हवा. पण माळेच्या मधोमध डबा घालायचा म्हणजे रेक तोडायचा, अर्धा भाग ओढून न्यायचा, नवा डबा मध्ये सरकवायचा, मग ब्रेकच्या हवेच्या नळ्या, विजेच्या जोडण्या आणि डब्यांमधली ये-जा पुन्हा जुळवायची. एका टोकाला डबा लावणे त्या मानाने थोडक्यात आटोपते. त्यामुळे तात्पुरता डबा पुष्कळदा टोकाकडे जातो आणि एस-८ हा एस-७ पासून दूर, सामान्य डब्यांच्या शेजारी उभा दिसतो.

समजा, सोलापूरहून मुंबईला जाताना हा डबा इंजिनाच्या बाजूला लागला. फलाटावर इंजिन कुठे उभे करायचे याच्या खुणेच्या पाट्या असतात; चालक त्या पाहून गाडी थांबवतो. इंजिन जागच्या जागी राहिले आणि त्याच्यामागे एक डबा घुसला, तर मागचा प्रत्येक डबा एका डब्याइतका, म्हणजे २४ मीटर, मागे सरकतो. दोन डबे घुसले तर ४८ मीटर. आता तोच रेक मुंबईहून परत येतो. रेक वळवत नाहीत. इंजिन दुसऱ्या टोकाला लागते. मघाचा जादा डबा आता शेपटाला जातो आणि इंजिनापासून मोजले तर बाकी कोणाचीच जागा हलत नाही. म्हणजे एकाच वाढीमुळे जाताना तुमचा डबा सरकतो आणि येताना सरकत नाही. मागच्या आठवड्यात बरोबर जागी उभा होतो, आज का चुकलो, असे कुर्डुवाडीच्या फलाटावर कोणी म्हणाले तर त्याचे उत्तर पुष्कळदा इथे असते.

दौंडला यात आणखी एक पेच होता. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला आली की इंजिन पुढून काढून मागे लावावे लागे, कारण मनमाडची वाट पुण्याच्या बाजूनेच फुटते. त्यामुळे पुण्यात इंजिनाजवळ असलेला डबा दौंडनंतर शेवटचा होई. आता दौंड कॉर्ड लाइन झाल्यापासून अशा अनेक गाड्या दौंड जंक्शनात न शिरता परस्पर वळतात आणि इंजिन बदलावे लागत नाही. या गाड्या पुण्यातला क्रम तसाच घेऊन पुढे जातात. त्यामुळे अहिल्यानगरच्या ज्या प्रवाशाने वर्षानुवर्षे अमुक डबा मागे येतो अशी खूणगाठ बांधली होती, त्याला आता तो पुढे शोधावा लागतो. इथे एकही डबा वाढला किंवा घटला नाही, फक्त वाट बदलली. सोलापूर-मुंबई गाड्यांना दौंडला उलटे व्हावे लागत नसल्याने त्यांच्यावर याचा परिणाम नाही.

डबा कमी होण्याची कारणे वेगळी. गर्दीची मुदत संपली की तात्पुरता डबा काढून दुसऱ्या गाडीला देतात. ठरावीक काळाने डबा कारखान्यात मोठ्या दुरुस्तीला जातो. कधी ऐनवेळी तपासणीत दोष सापडतो. रेल्वेच्या बोलीत डबा ‘सिक’ होतो आणि तो काढावाच लागतो. आषाढीच्या दिवसांत पालख्या बारामती-इंदापुरातून पुढे सरकत असताना रेल्वे नागपूर, अमरावती, खामगाव अशा ठिकाणांहून पंढरपूर-मिरजेकडे खास गाड्या सोडते. अशा वेळी राखीव डबे तिकडे गुंतलेले असतात, त्यामुळे एखादा डबा सिक झाला तर त्याच्या जागी दुसरा मिळणे अवघड होते.

सर्वांत त्रासाचा प्रसंग येतो तो एलएचबी रेकऐवजी आयसीएफ रेक लागला की. नव्या शयनयानात ८० बर्थ, जुन्यात ७२. ज्याच्या तिकिटावर ७३ ते ८० मधला क्रमांक आहे त्याचा बर्थच डब्यात नसतो. शयनयानाचे सात डबे असतील तर अशी ५६ माणसे होतात. त्यांची सोय इतरत्र करावी लागते आणि तपासनीसाकडे ती यादी घेऊनच बोलावे लागते. वातानुकूलित डबाच न लागल्याने खालच्या वर्गात बसावे लागले, तर भाड्यातला फरक परत मिळतो. मात्र त्यासाठी तपासनीसाकडून गाडीतच प्रमाणपत्र घ्यावे लागते. उतरल्यावर ते मिळवणे कठीण.

प्रतीक्षायादीतल्या माणसासाठी हेच गणित उलट्या बाजूने चालते. जादा डबा संगणकात चढला की यादी क्रमाने पुढे सरकते आणि तिकीट निश्चित झाल्याचे दिसते. पण डबा आणि बर्थ यांचा क्रमांक बहुधा तक्ता तयार झाल्यावरच कळतो. म्हणून तक्ता लागल्यावर तिकिटाची स्थिती पुन्हा पाहणे गरजेचे आहे. तुमचा बर्थ नेमक्या त्या टोकाला लावलेल्या जादा डब्यात असण्याची शक्यता पुष्कळ असते.

वंदे भारतसारख्या गाडीत हा सगळा खेळच नाही. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत १६ डब्यांची आली. तिला वेगळे इंजिन नसते. चालवणारी यंत्रे डब्यांखालीच वाटलेली असतात आणि डबे परस्परांवर अवलंबून असतात. दिवाळीपुरता एक डबा जोडून पुढच्या आठवड्यात काढून घेणे तिथे शक्य नाही. क्षमता वाढवायची तर अख्खा संच बदलावा लागतो. तिथे डब्याची जागा पक्की राहते, पण गर्दीनुसार लवचीकता उरत नाही.

मधल्या स्थानकावरच्या प्रवाशासाठी या सगळ्याचा हिशेब फलाटावर होतो. २२ डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब. सामान घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला सहा-सात मिनिटे लागतात, म्हातारे माणूस असेल तर दहा. आणि अनेक ठिकाणी गाडीचा थांबा असतो दोन मिनिटांचा. फलाटावरचे डबादर्शक फलक आणि उद्घोषणा त्या दिवसाच्या रचनेवर चालतात, म्हणून त्या आपल्या आठवणीपेक्षा विश्वासार्ह. फलक बंद असेल किंवा तो आणि उद्घोषणा यांचा मेळ बसत नसेल, तर फलाटाच्या मध्यावर उभे राहावे. तिथून कोणत्याही टोकाचे अंतर निम्मेच उरते. तरीही डबा दूर गेला, तर जवळच्या आरक्षित डब्यात चढून आतून पुढे जावे. एस-८ सामान्य डब्यांच्या पलीकडे असेल तर आतून जाणे जमत नाही. मग पुढच्या मोठ्या थांब्यावर उतरून डबा बदलावा लागतो, आणि तोवर आपण गाडीत आहोत हे तपासनीसाला कळवून ठेवावे.