नागमोडी रेघ आणि वर्तुळातला पंखा

लीड्सला शिकायला गेलेल्या पुण्याच्या एका मुलीने भाड्याच्या घरात पहिल्यांदाच नानकटाई करायला घेतली. आईच्या वहीत लिहिलं होतं: १८० अंश, पंधरा मिनिटं. तिने एक बटण १८० वर आणलं आणि दुसरं कुठल्याशा चित्रावर फिरवलं. सात-आठ मिनिटांत नानकटाई वरून काळी झाली आणि आतून पीठच राहिली. मग बटणांचा फोटो पुण्याला गेला. आईला चूक लगेच दिसली. दुसऱ्या बटणाची खूण नागमोडी रेघेवर होती.

ही चित्रं वाचायची किल्ली सोपी आहे. चौकोन म्हणजे समोरून दिसणारी ओव्हनची पेटी. त्यात वर नागमोडी रेघ असेल तर ते ग्रिल: वरची कॉइल लाल होते आणि पदार्थाला फक्त वरून शेक बसतो. पनीर टिक्क्याला ते ठीक, नानकटाईला नाही. वर एक आणि खाली एक अशा सरळ रेघा म्हणजे दोन्हीकडून उष्णता. आपल्या ओटीजीत ‘दोन्ही रॉड चालू’ म्हणतात, तेच हे. आईच्या वहीतले १८० अंश याच चित्राचे होते.

पण फोटोत दोन रेघांचं चित्रच नव्हतं. होता तो वर्तुळातला पंखा. अशा ओव्हनमध्ये पंख्याभोवती गोल कॉइल असते आणि गरम हवा सतत खेळती राहते. फिरती हवा पदार्थाला उष्णता लवकर पोचवते, म्हणून तापमान साधारण २० अंशांनी उतरवायचं. १८० चे १६० झाले. पंख्याच्या वर-खाली रेघा असल्या तरी हाच हिशेब. मात्र वर्तुळ नाही, रेघ नाही, नुसताच पंखा असेल तर सावध व्हावं. बऱ्याच ओव्हनमध्ये ती खूण गोठलेलं अन्न वितळवण्याची असते आणि तेव्हा कॉइल तापतच नाही. केक तासभर ठेवला तरी पीठच राहणार!

आता १६० कुठे? बटणाभोवती १५० आणि २०० एवढेच आकडे होते, मधे चार ठिपके. म्हणजे एक ठिपका दहा अंशांचा आणि १५० नंतरचा पहिला ठिपका १६०. इथे फोटोनेच घोटाळा केला. बटण पॅनेलपासून बोटभर पुढे असतं, त्यामुळे बाजूने काढलेल्या फोटोत खूण ठिपकाभर सरकलेली दिसते. आईने मोबाइल बटणाच्या अगदी समोर, त्याच उंचीवर धरून, फ्लॅश बंद करून दुसरा फोटो मागवला. खूण १७० वर होती.

ती एक ठिपका मागे घेतली, तापमानाचा दिवा विझेपर्यंत ओव्हन रिकामाच तापवला आणि मग ट्रे आत गेला. चौदाव्या मिनिटाला कडा बदामी झाल्या. वहीत आता १८० च्या शेजारी लिहिलं आहे: पंखा असेल तर १६०.