भिंतीवरचा लोणा

विटांच्या भिंतीवर किंवा गिलाव्यावर पांढरी भुकटी, बारीक सुयांसारखे केस किंवा कडक पांढरी पापडी दिसू लागली की लोक म्हणतात, भिंतीला लोणा लागला. हा लोणा म्हणजे पाण्यात विरघळणारे क्षार. भिंतीत मुरलेले पाणी पृष्ठभागापर्यंत येते आणि वाळते. पाणी हवेत निघून जाते, पण त्यात विरघळलेला क्षार उडून जाऊ शकत नाही, म्हणून तो जागीच स्फटिक होऊन साचतो. लोणा दिसण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: भिंतीत क्षार, त्यांना विरघळवणारे पाणी आणि ते पाणी बाहेर पडण्याची वाट. क्षार भिंतीतून पुरते काढणे अवघड असते आणि वाळण्याची वाट बंद केली तर नुकसान वाढते. म्हणून खरा इलाज पाण्यावरच करावा लागतो.

क्षार येतात कुठून? काही विटेतच असतात. विटेच्या मातीतले आणि भट्टीच्या इंधनातले गंधकयुक्त घटक भाजताना सल्फेट तयार करतात. अर्धवट भाजलेल्या विटेत ते जास्त उरतात. सिमेंटच्या मसाल्यातून चुना सुटतो, तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट बनतो आणि पांढऱ्या कडक थराच्या रूपाने चिकटून बसतो. खारट वाळू वापरली किंवा मचूळ पाण्यात मसाला कालवला तर नेहमीचे मीठ भिंतीत जाते. कोकण किनाऱ्यावर हे घडतेच. पण समुद्रापासून कितीतरी दूर असलेल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातही, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात, भूजलच खारे आहे. तिथे बोअरच्या पाण्यावर उभारलेली भिंत पहिल्या दिवसापासून क्षार घेऊनच उभी राहते. जुन्या घरांत गोठा, उकिरडा किंवा गळके गटार भिंतीलगत असेल तर जमिनीतून नायट्रेटही चढतात. एके काळी बिहारमध्ये अशाच क्षारयुक्त मातीतून सोरा काढत आणि तो बंदुकीच्या दारूसाठी परदेशी जात असे.

वीट आणि मसाला यांच्यात अतिशय बारीक नळ्यांचे जाळे असते. दिव्याची वात जसे तेल ओढते तसे हे जाळे जमिनीतले पाणी वर खेचते. साधारणपणे ओल जमिनीपासून सुमारे एक मीटरपर्यंत चढते. जिथे चढणाऱ्या पाण्याइतकेच पाणी वाळून जाते, तिथे तिची हद्द ठरते आणि त्या हद्दीजवळच क्षारांची दाट पट्टी जमते. त्यामुळे भिंतीचा अगदी खालचा भाग नुसता ओलसर आणि त्याच्या वरच्या बाजूला पांढरा, फुगलेला पट्टा, असे चित्र दिसले तर पाणी जमिनीतून येत आहे असे समजावे.

पाणी भिंतीच्या पृष्ठभागावर वाळले तर स्फटिक बाहेर साचतात. ते दिसायला वाईट, पण फारसे घातक नाहीत. पाणी पृष्ठभागाच्या थोडे आत वाळले तर स्फटिक विटेच्या आणि गिलाव्याच्या पोकळ्यांत वाढतात आणि आतून दाब देतात. सोडियम सल्फेट यात सर्वांत वाईट. सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या वर तो कोरडा राहतो. तापमान खाली आले आणि ओल मिळाली की तो पाणी शोषून दुसऱ्या रूपात जातो आणि त्याचे आकारमान जवळजवळ चौपट होते. दुपारी कडक ऊन आणि रात्री गारवा अशा दिवसांत हा बदल पुन्हा पुन्हा होऊ शकतो. रंगाला फोड येतात, गिलावा पोकळ वाजतो, नंतर विटेचा दर्शनी भाग भुगा होऊन गळू लागतो. ऑइल पेंट, जाड पुट्टी किंवा तथाकथित वॉटरप्रूफ रंग लावल्यावर भिंत अधिक झपाट्याने खराब होते, ती याच कारणाने. पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद झाली की वाळण्याची जागा आत सरकते.

पाऊस चालू असताना लोणा कमी दिसतो, कारण क्षार विरघळलेल्या अवस्थेत असतात. ऑक्टोबरच्या उन्हात आणि हिवाळ्याच्या कोरड्या हवेत भिंत वाळू लागते तेव्हा तो उमटतो. पांढरे डाग दिवाळीच्या सुमारास दिसले तरी त्यांचे मूळ जून ते सप्टेंबरमध्ये असते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतूनच पाणी ओढते. त्यामुळे बराच काळ क्षार साचलेली भिंत पावसाळ्यात कुठेही गळती नसताना ओली होते. गवंडी गळतीचा शोध घेत राहतो आणि दोष मात्र गिलाव्यात साचलेल्या मिठाचा असतो.

इलाजाआधी ओळख पटवावी लागते. बुरशी मऊ, तंतुमय आणि कुबट वासाची असते, क्षार बोटांत चुरडले की खरखरतात. भुकटी पाण्याच्या थेंबात विरघळली तर ती सल्फेट, क्लोराइड किंवा नायट्रेट असते. ती विरघळली नाही, पण व्हिनेगर टाकताच फसफसली, तर चुन्यापासून झालेले कार्बोनेट. पाणी कुठले आहे हे पाहण्यासाठी भिंतीचा तुकडा पुसून कोरडा करावा, त्यावर फूटभर चौकोनी ॲल्युमिनियम फॉइल चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करावी आणि दोन दिवस ठेवावी. फॉइलच्या मागच्या, भिंतीकडच्या बाजूला ओल दिसली तर ती भिंतीतून येते. पुढच्या बाजूला दिसली तर ती खोलीतल्या हवेतली आर्द्रता थंड भिंतीवर साचून आलेली असते.

स्वच्छ करताना लोक हमखास भिंत धुतात आणि हीच मोठी चूक ठरते. पाणी टाकले की क्षार विरघळतात, पुन्हा आत शिरतात आणि पुढच्या उन्हात परत वर येतात. कोरड्या दिवशी ताठ नायलॉनच्या ब्रशने लोणा झाडावा, खाली कागद अंथरून भुकटी गोळा करावी आणि घराबाहेर टाकावी. ती भिंतीच्या पायथ्याशी पडू दिली तर पुढच्या ओलीबरोबर परत शिरते. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये, विटेवर ओरखडे येतात आणि तुटलेल्या तारा गंजून डाग पडतात. विरघळणारे क्षार खोलवर असतील तर कागदाचा लगदा किंवा चिकणमाती शुद्ध पाण्यात भिजवून दीड-दोन सेंटिमीटर जाड लेप द्यावा. तो सावकाश वाळताना क्षार ओढून घेतो. वाळल्यावर लेप काढून टाकावा आणि गरजेनुसार पुन्हा द्यावा. कार्बोनेटच्या कडक थरासाठी पाण्यात पातळ केलेले व्हिनेगर आधी छोट्या भागावर लावून पाहावे. हायड्रोक्लोरिक ॲसिड स्वस्त मिळते, पण ते चुन्याचा गिलावा खाते आणि स्वतःच नवे क्लोराइड भिंतीत सोडते. शक्य तोवर ते टाळणेच शहाणपणाचे.

एक नेहमीचे उदाहरण घ्यावे. तळमजल्यावरची नऊ इंची विटांची भिंत आहे, आतून ७५ सेंटिमीटर उंचीपर्यंत गिलावा फुगला आहे. दरवर्षी रंगाऱ्याने खरवडून पुट्टी भरली आणि दरवर्षी डाग परतला. बाहेर पाहिल्यावर कारण कळते. अंगणात नव्या फरशीखाली भर टाकल्याने बाहेरची पातळी जोत्यावरच्या ओलावारोधक थराच्या वर आली आहे आणि पन्हाळाचे पाणी भिंतीच्याच पायथ्याशी पडते. आधी ही भर काढून बाहेरची पातळी त्या थराच्या निदान १५ सेंटिमीटर खाली आणावी, उतार भिंतीपासून दूर द्यावा आणि पन्हाळ पुढे न्यावा. मग आतला गिलावा डागाच्या वर ३० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे सुमारे एक मीटरपर्यंत काढावा, विटांच्या सांध्यातला मसाला दोन सेंटिमीटर खोल खरवडावा आणि वर येणारा लोणा आठवड्यातून एकदा झाडत राहावे. आता घाई नको. जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण एक महिना असा जुना हिशेब आहे, म्हणजे नऊ इंची भिंतीला नऊ महिने. उन्हाळा आणि पंखा यांनी तो कमी होतो, पण आठवड्यात होत नाही.

भिंत वाळली की सिमेंटऐवजी चुना आणि वाळू १:३ अशा गिलाव्याला पसंती द्यावी आणि तो जमिनीच्या चार-पाच सेंटिमीटर वरच थांबवावा, म्हणजे फरशीची ओल त्यात चढत नाही. वर चुनकळीचा रंग द्यावा. असा गिलावा पाण्याला जाऊ देतो आणि उरलेले क्षार आपल्या अंगावर घेतो. काही वर्षांनी तो भुगा होऊन पडला तरी चालेल, वीट वाचते. ओलावारोधक थर मुळातच नसेल तर बाहेरून सांध्याच्या ओळीत सुमारे १२ सेंटिमीटर अंतराने छिद्रे पाडून सिलेन-सिलॉक्सेनचे क्रीम भरता येते. पण छिद्रे अपुरी खोल असली, किंवा आतून फरशी आणि बाहेरून मातीचा भराव त्याला वळसा घालत असेल, तर तो पैसा वाया जातो. ओली भिंत टाइलने झाकणे याहून वाईट. टाइलमागची ओल वाट शोधत आणखी वर चढते.

नव्या बांधकामात रोखणे सोपे असते. विटा घेताना भारतीय मानक आयएस ३४९५ प्रमाणे चाचणी घरीही करता येते. वीट उभी ठेवून तिचे टोक २५ मिलिमीटर शुद्ध पाण्यात बुडेल असे भांडे घ्यावे. पाणी शोषून-वाळून गेले की पुन्हा तितकेच घालावे. दोनदा वाळल्यावर दहा टक्क्यांपर्यंत पृष्ठभागावर पातळ थर दिसला तर लोणा किंचित समजावा, निम्म्यापर्यंत पसरला पण भुकटी किंवा पापुद्रे नसले तर मध्यम, त्यापुढे तीव्र. वरच्या दर्जाच्या विटेला किंचितच आणि साधारण विटेला मध्यमपर्यंत लोणा चालतो. मसाल्यासाठी पिण्याजोगे पाणी आणि मीठ नसलेली वाळू घ्यावी, विटांचे ढीग पावसात उघडे ठेवू नयेत, आणि पहिल्या एक-दोन हंगामांत उमटलेला लोणा नुसता झाडून टाकावा. अशा भिंतीवरचा पांढरा थर बहुधा दोन वर्षांत थांबतो. तो थांबला नाही, तर पाणी अजून कुठूनतरी येत आहे. रंगारी बोलावण्याआधी ते शोधावे.